शोभाला, चंपाषष्ठीच्या दिवशी

ताई, मायचा हात आता फार थरथरतो, मोबाइलवर बोट टेकत नाही. म्हणून ती सांगतेय आणि मी लिहितोय. मधे माझं काही घातलेलं नाही. – राजू

शोभा,

तुझा वाढदिवस सगळे 1 जूनला करतात. ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावली. तू झालीस ती चंपाषष्ठीला, म्हणून माझा आशीर्वाद आज. 60 पूर्ण झाली तुला.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बोरीकाठी होते. अंगणात तुरकाट्यांवर वांगी भाजत होती, वहिनी बडगीत भरीत ठेचत होती. तो ठकठक आवाज ऐकतच मला कळा सुरू झाल्या. दिवेलागणीला तू झालीस. घरभर भरिताचा वास, आणि बाळंतिणीला वांगं चालत नाही. माझ्या आईनेही त्या दिवशी भरिताला हात लावला नाही, माझ्याजवळ बसून राहिली. अजून चंपाषष्ठीला पहिला घास घेताना मला ती आठवते, आणि मग तू.

आता एक सांगायचं राहिलंय. तुला आम्ही सातवीनंतर शाळेतून काढलं. मी कपाशी वेचायला जायची, घरी राजू लहान, संजू पाळण्यात. तू एक शब्द बोलली नाहीस. पुस्तकं फडक्यात बांधून तू कोठीवर ठेवलीस, ते मी दारातून पाहिलं होतं. तुझ्या बापाशी तेव्हा भांडायला हवं होतं मी. भांडले नाही. ते मला आजपर्यंत लागून राहिलंय, शोभा.

आणि तरी तूच मला सही शिकवलीस. रात्री चुलीजवळ पाटी घेऊन बसायचीस, माझा हात धरून ‘सु’ गिरवायचीस. बँकेत पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा साहेबाने खुर्ची दिली बसायला.

सुरतेला तू किती माणसांचं केलंस, सासूचं अंथरुणावरचं सगळं केलंस, मला माहीत आहे. आता स्वतःच्या गुडघ्यांकडे बघ. जावयांना सांग, आखाजीला तुला आठ दिवस पाठवायचं, दोन नाही. सांजोऱ्या सुनबाई करेल, तू फक्त झोक्यावर बस.

(पुढचं ती जसं बोलली तसंच लिहितोय.)

तू माले कधीच जड नही वाटनी. सुखी ऱ्हाय माय, औक्षवंत हो.

तुझी माय

ताई, खाली फोटो पाठवलाय. सही तिने स्वतः केली आहे. दोन कागद वाया गेले, तिसऱ्यावर ‘सुमन’ नीट आलं. ‘सु’चा उकार जरा लांब गेलाय, पण तो पुसू नको म्हणाली.