कलम 9, साध्या मराठीत

कोथरूडच्या फ्लॅटचा करार वाचला. बाकी पानं नेहमीचीच आहेत, खरी मेख कलम 9 मध्ये आहे. रविवारी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येणार, एकदा अंगठा लागला की करार नोंदला जातो आणि मग बदल करायचा तर सगळा सोपस्कार नव्याने. म्हणून तू काय सही करतोयस आणि रविवारच्या आत काय बदलून घ्यायचं, ते लिहून पाठवते.

आधी मूळ कलम, जसंच्या तसं:

«9. सदर लिव्ह अँड लायसन्सचा कालावधी दि. 01/06/2025 पासून दि. 30/04/2026 पावेतो 11 महिन्यांचा राहील व त्यापैकी प्रथम 6 महिने हा लॉक-इन कालावधी राहील, ज्या दरम्यान लिहून घेणार यांनी कोणत्याही कारणास्तव सदरहू मिळकत सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे संपूर्ण मासिक शुल्क एकरकमी देणे त्यांचेवर बंधनकारक राहील. तथापि लॉक-इन कालावधी संपुष्टात आल्यानंतरच लिहून घेणार यांस एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार समाप्त करता येईल व तशी पूर्वसूचना न दिल्यास एक महिन्याचे शुल्क अनामत रकमेतून वजा करण्यात येईल. लिहून देणार यांस मात्र कोणतेही कारण न देता केव्हाही एक महिन्याची पूर्वसूचना देऊन करार समाप्त करण्याचा अधिकार राहील. अनामत रक्कम रु. 60,000/- ही बिनव्याजी असून मिळकतीचा ताबा परत मिळाल्यापासून 45 दिवसांचे आत, वीज देयक, रंगकामापोटी एक महिन्याचे शुल्क तसेच लिहून देणार यांचे मते झालेले नुकसान वजा जाता परत करण्यात येईल. मुदतीनंतर ताबा न दिल्यास लिहून घेणार हे प्रतिदिन रु. 1,500/- नुकसानभरपाई देण्यास पात्र राहतील व लिहून देणार यांस कोणत्याही न्यायालयीन कार्यवाहीशिवाय ताबा घेण्याचा अधिकार राहील.»

«लिहून घेणार» म्हणजे तू, «लिहून देणार» म्हणजे घरमालक. मासिक शुल्क म्हणजे तुझं 18,000 भाडं.

तू काय कबूल करतोयस

घर तुला 1 जून 2025 ते 30 एप्रिल 2026 पर्यंत मिळतंय. 30 नोव्हेंबरपर्यंत तू अडकलेला आहेस: त्याआधी सोडलंस तर नोव्हेंबरपर्यंतचं उरलेलं भाडं एकदम भरायचं. नोकरी गेली, बदली झाली, आजारपण आलं, काहीही असलं तरी. «कोणत्याही कारणास्तव» हे शब्द त्याचसाठी घातलेत.

नोटीस देण्याची मुभा लॉक-इन *संपल्यानंतरच*. म्हणजे पहिली नोटीस 1 डिसेंबरला, आणि नोटिशीपोटी एक पैसा न कापता घर सोडता येईल ते 31 डिसेंबरला. एजंट तुला सहा महिन्यांचं लॉक-इन सांगतोय, पण कागदावर ते सात महिन्यांचं आहे.

तुझा प्रोजेक्ट दिवाळीनंतर बंगळुरूला हलेल अशी चर्चा आहे म्हणालास, म्हणून आकडे मांडून बघितले. ऑक्टोबरअखेर सोडलंस तर पाच महिन्यांचं भाडं 90,000 आणि वर नोव्हेंबरचे 18,000, एकूण 1,08,000. नोव्हेंबरअखेर सोडलंस तर सहा महिन्यांचे 1,08,000 आणि नोटीस दिली नाही म्हणून आणखी 18,000, म्हणजे 1,26,000. आणि डिसेंबरअखेरपर्यंत रीतसर नोटीस देऊन राहिलास तरी 1,26,000 च. थोडक्यात, 30 नोव्हेंबरला सोडण्यात काही अर्थ नाही. तेवढ्याच पैशात महिनाभर जास्त राहायला मिळतं.

घरमालकाला मात्र लॉक-इन नाही. ते ऑगस्टमध्येसुद्धा, कारण न सांगता, महिन्याच्या नोटिशीवर तुला घर सोडायला सांगू शकतात. तू नवीन पलंग घेतलास, इंटरनेट लावून घेतलंस, आणि त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, तर तुझ्या हातात काही नाही. हे एकतर्फी आहे आणि बदलून मागायला तुला अजिबात संकोच वाटायला नको.

डिपॉझिट

साठ हजारांतून काय कापतील? विजेचं बिल, ते बरोबर आहे. रंगकामाचे 18,000, भिंत कितीही स्वच्छ ठेवलीस तरी. आणि «लिहून देणार यांचे मते» झालेलं नुकसान. हे चार शब्द सगळ्यात महाग पडू शकतात, कारण नुकसान झालं की नाही आणि किती झालं, दोन्ही तेच ठरवणार. खिळ्याचं भोक, गॅसच्या ओट्याचा डाग, सैल झालेली नळाची चावी, अशा गोष्टींचा हिशेब मग त्यांच्या अंदाजाने होतो.

ऑक्टोबरअखेर निघालास तर डिपॉझिटमधून नोव्हेंबरचे 18,000 आणि रंगाचे 18,000 गेले की हातात 24,000 उरतात, तेही वीज आणि «नुकसान» वजा होण्याआधी. आणि 45 दिवस थांबून. तोवर बंगळुरूच्या घराचं डिपॉझिट तुला दुसरीकडून उभं करावं लागेल.

मुदत संपल्यावर

30 एप्रिल 2026 ला करार संपतो. आपोआप वाढत नाही. पुढे राहायचं असेल तर नवा करार, नवी नोंदणी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 1,500 म्हणजे महिन्याला 45,000. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 मध्ये मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई सांगितली आहे. तुझ्या बाबतीत ती महिन्याला 36,000, दिवसाला साधारण 1,200. मग 1,500 कशाला?

शेवटचं वाक्य घाबरवायला लिहिलेलं आहे. मुदत संपली म्हणून घरमालकाने कुलूप बदलायचं किंवा सामान जिन्यात ठेवायचं, असं होत नाही. त्याच कलम 24 मध्ये ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा रस्ता दिलेला आहे आणि त्यांनी तोच घ्यायचा. तरी हे वाक्य कागदावर नकोच.

एजंटला हे पाठव

खालचा मजकूर तसाच कॉपी करून आज रात्री व्हॉट्सअॅपवर टाक, आणि घरमालकांनाही. फोनवर बोलून भागवू नकोस. «काका फार चांगले आहेत, ते असं करणार नाहीत» असं एजंट म्हणेल. काका चांगले असतीलही, पण फ्लॅट उद्या त्यांचा मुलगा बघेल आणि त्याच्यासमोर फक्त कागद असेल.

«नमस्कार. कराराचा मसुदा वाचला. कलम 9 पुढीलप्रमाणे करावं ही विनंती, म्हणजे रविवारी नोंदणी करून टाकू.

9(अ) पहिले सहा महिने, म्हणजे 30/11/2025 पर्यंत, दोन्ही पक्षांना करार संपवता येणार नाही. लिहून घेणार यांची नोकरीमुळे पुण्याबाहेर बदली झाल्यास, कंपनीचं पत्र दाखवून व एक महिन्याची लेखी नोटीस देऊन ते या काळातही घर सोडू शकतील. अशा वेळी इतर कोणतीही रक्कम कापली जाणार नाही.

9(ब) सहा महिन्यांनंतर कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल. सहावा महिना सुरू असतानाही ही नोटीस देता येईल. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर दिलेली नोटीस लेखी मानली जाईल.

9(क) अनामत रक्कम रु. 60,000 चावी परत देण्याच्या दिवशीच बँक खात्यात परत केली जाईल. न आलेल्या वीजबिलापोटी रु. 2,000 पर्यंत रक्कम ठेवता येईल व बिल आल्यापासून सात दिवसांत हिशेब पूर्ण केला जाईल. रोजच्या वापराने होणारी झीज, भिंतीच्या रंगाचं फिकट होणं धरून, नुकसान मानली जाणार नाही. इतर नुकसान असल्यास दुरुस्तीच्या पावतीएवढीच रक्कम कापली जाईल.

9(ड) मुदतीनंतर ताबा न दिल्यास प्रतिदिन रु. 1,200. कायदेशीर कार्यवाहीशिवाय ताबा घेण्याबाबतचं वाक्य वगळावं.»

सगळं मान्य होणार नाही. रंगकामावर ते अडतील, कारण पुण्यात बरेच घरमालक ती रक्कम हक्काची समजतात. तिथे सात-आठ हजारांवर तडजोड करायला हरकत नाही, पण रकमेचा आकडा लिहून घे. बदलीची सवलत आणि «मते» हा शब्द, या दोन गोष्टींवर मात्र मागे हटू नकोस. बदलीची सवलत नाकारली तर निदान लॉक-इन तीन महिन्यांवर आणायला सांग.

नोंदणी नको, नुसता नोटरी करून देतो असं कोणी सुचवलं तर नाही म्हण. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही त्याच कायद्याच्या कलम 55 ने घरमालकाची जबाबदारी आहे.

चावी मिळाल्याच्या दिवशी

सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढ. हॉलच्या खिडकीखाली ओल आहे आणि बाथरूमच्या दाराचा खालचा भाग फुगलाय, आपण बघायला गेलो तेव्हाच दिसलं होतं. त्या दोन्हींचे जवळून फोटो. गीझर, तीन पंखे, दोन ट्यूब चालू करून घे. वीज मीटरवरचा आकडा दिसेल असा एक फोटो. हे सगळं त्याच संध्याकाळी घरमालकांना ईमेलने पाठव, वर एवढंच लिही: «आज ताबा घेतला. घराची आत्ताची अवस्था सोबत आहे. काही वेगळं वाटल्यास कळवावं.»

भाडं नेहमी खात्यातूनच दे, रोख नको. आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाकून ठेव: 1 नोव्हेंबर (नवं कलम मान्य झालं तर 30 नोव्हेंबरला निघण्यासाठी नोटीस द्यायची वेळ) आणि 1 मार्च (एप्रिलनंतर राहायचं की नाही हे घरमालकांना विचारायची वेळ).

नोटीस द्यायची झाली तर इतकी पुरे: «मी दि. 1/11/2025 रोजी कलम 9(ब) नुसार एक महिन्याची नोटीस देत आहे. 30/11/2025 रोजी संध्याकाळी घर रिकामं करून चावी देईन. त्या दिवशी घर पाहून अनामत रक्कम खात्यात जमा करावी.»

एजंटचं उत्तर आलं की सुधारलेला मसुदा मला पाठव, शनिवारी रात्री मी जागी आहे. रविवारी अंगठा लावण्याआधी स्क्रीनवरचं कलम 9 स्वतः पुन्हा वाच. मधल्या काळात जुनाच मसुदा चढवलेला असतो, ते मी बऱ्याचदा पाहिलंय.