खानावळीच्या फलकाचा अर्थ : छोटूचा शेंगदाणा आणि आजींचं दूध सांभाळून

वहिनी, बैलहोंगलच्या खानावळीच्या फलकाचा फोटो मिळाला. सगळं कन्नडात आहे, शाकाहारी आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकल्यामुळे दोन ओळी पुसल्यासारख्या दिसतात, त्यांचा अंदाज बांधलेला नाही.

आधी मुद्द्याचं. छोटूला शेंगदाणा चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी 'ऊट' म्हणजे पूर्ण ताट (120 रुपये) मागवू नका. आमच्याकडे रश्श्याला दाटपणा येतो तो शेंगदाण्याच्या कुटानं, आणि तो फलकावर कुणी लिहीत नाही. शिवाय ताटात वाटीला वाटी लागलेली असते आणि चटणीचा चमचा सगळीकडे फिरतो. त्याच्यासाठी सुटे पदार्थ घ्या.

जोळद रोट्टी, 15 : ज्वारीची भाकरी. पिठात शेंगदाणा नसतो. पण गहू चालत नसलेलं कुणी सोबत असेल तर जपा, कारण चपातीची कणीक त्याच परातीत मळतात.

खडक रोट्टी, 12 : तीच भाकरी पातळ थापून कडक वाळवलेली. वर तीळ दिसतात का बघा. सज्जे रोट्टी म्हणजे बाजरीची, तिला तीळ बहुतेक लावलेलेच असतात.

एण्णेगायी, 70 : भरली वांगी. 'एण्णे' म्हणजे तेल. सारणात शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि बरेचदा कारळे. छोटूला अजिबात नको. 'कूट काढून द्या' म्हणून उपयोग नाही, मसाला सकाळीच वाटून वांग्यात भरलेला असतो.

हेसरुकाळु पल्य, 50 : मुगाची उसळ. 'पल्य' म्हणजे कुठलीही भाजी, पालेभाजीच असं नाही. साध्या फोडणीची असेल तर चालेल, कूट टाकलाय का ते विचारून घ्या.

कडलेकाळु पल्य, 50 : हरभऱ्याची उसळ. इथे गफलत होते. बंगळुरूकडे 'कडलेकायी' म्हणजे भुईमुगाची शेंग, आणि नुसतं 'कडले' म्हणजे हरभरा. आमच्या भागात शेंगदाण्याला सरळ 'शेंगा'च म्हणतात. म्हणून शब्द 'शेंगा' हाच वापरा.

झुणक, 50 : आपला झुणका. डाळीचं पीठ, कांदा, लसूण. हिंग पडतो, आणि बाजारच्या बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं.

शेंगा हिंडी, गुरेळ्ळ पुडी, अगशी चटणी, प्रत्येकी 10 : अनुक्रमे शेंगदाण्याची, कारळ्याची आणि जवसाची चटणी. 'एळ्ळु' म्हणजे तीळ, पण 'गुरेळ्ळु' म्हणजे कारळे. वेगळ्या जिनसा आहेत, तरी कुटायचा खल बहुधा एकच. तिन्ही टेबलावरून उचलायला सांगा.

शेंगा होळिगे, 30 : शेंगदाणा-गुळाची पोळी. फलकावर 'शें'चा अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नसतो, अक्षरापुढे शून्यासारखा पूर्ण गोल असतो. ते रूप ओळखून ठेवा, पुढच्या फलकावरही कामाला येईल. खालची नुसती होळिगे म्हणजे पुरणपोळी. तिच्यात शेंगदाणा नाही, पण दोन्ही पोळ्या एकाच तव्यावर होतात, त्यामुळे छोटूला तीही नको.

गोधि हुग्गी, 40 : गव्हाची गुळातली खीर. दूध, तूप, काजू पडतात. आजींना नको. मोसरु दही, मज्जिगे ताक. आजींना दूध पचत नाही एवढंच असेल तर थोडं ताक चालून जाईल, पण अंगावर पित्त उठत असेल तर ताक, तूप काहीच नको. हे दोन प्रकार वेगळे, एकदा नीट विचारून घ्या.

अन्न, सारु, 60 : भात आणि पातळ आमटी. छोटूसाठी भात आणि झुणका हेच सगळ्यात बरं, फक्त फोडणीचं तेल विचारा. घाण्याचं शेंगतेल असेल तर झुणका सोडून द्या, कारण त्यात शेंगदाण्याचा अंश उरतो.

मालकाला मराठी कळेल, पण आत वाढणाऱ्याला कळेलच असं नाही. म्हणून ही वाक्यं मोठ्यानं म्हणा:

'नम्म हुडुगग शेंगा आगंगिल्ल री.' (आमच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही.)

'इदराग शेंगा पुडी ऐतेन री?' (यात शेंगदाण्याचा कूट आहे का?)

'याव एण्णे हाकीरी?' (तेल कुठलं घातलंय?)

उत्तर 'स्वल्प' आलं तर ते 'थोडंसं आहे' असं होतं, म्हणजे छोटूसाठी नाहीच. डॉक्टरांनी दिलेलं औषध गाडीत न ठेवता टेबलावर घेऊन बसा.

तो कोपरा जरा बाजूला उभं राहून, फ्लॅश बंद करून पुन्हा काढून पाठवा. त्या दोन ओळी कळेपर्यंत त्यातलं काही मागवू नका.