दसऱ्यानंतर

चहा येऊन गेला, पण कपाला कुणी हात लावला नव्हता. मेधाताईंनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुढचा निबंध ओढला. विषय सगळ्यांना एकच होता, ‘मला समाजकार्याचं शिक्षण का घ्यायचं आहे?’ वेळ पाऊण तास, गुण पंचवीस.

‘लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे.’ हे सकाळपासून इतक्यांदा वाचून झालं होतं की डोळे त्या ओळीवर टेकतसुद्धा नव्हते. त्यानंतर समाजाचं ऋण, मग सावित्रीबाई, आणि शेवटी गावी परतून लोकांची सेवा. एका गठ्ठ्यात तर ‘ऋण’ या शब्दाचं ‘रुण’ सलग अकरा जणांनी केलेलं. क्लास एकच असणार. मुलांचा तरी काय दोष? आपल्याला हेच ऐकायला आवडतं हे त्यांना कुणीतरी सांगितलंय, आणि ते खोटंही नाही. तक्त्यात दहा गुण ‘सामाजिक बांधिलकी’चे होतेच.

पलीकडे पाटोळे सर फटाफट आकडे टाकत होते. पंधरा, सोळा, पंधरा.

पुढचा निबंधही तसाच सुरू झाला. आवड, ऋण, आणि हो, ‘रुण’च. मेधाताईंनी पेन उचललं. चौथं वाक्य ‘शिक्षण पूर्ण करून मी माझ्या गावी’ इथपर्यंत येऊन खोडलेलं होतं. एक रेघ, त्यावर दुसरी, मग इतकं गिरवलेलं की कागद पलीकडून उचलला होता. त्याखाली अक्षर एकदम मोठं झालं होतं.

‘दसऱ्यानंतर मी गावात सापडू नये म्हणून मला इथं यायचं आहे.’

मेधाताई थांबल्या. पेन खाली ठेवलं.

पुढच्या ओळी शांतपणे लिहिलेल्या होत्या. ऊसतोडीला बहीण एकटी असताना तिचा अर्धा कोयता धरायचे. नवराबायकोचा मिळून पूर्ण कोयता झाला की उचल जास्त मिळते, म्हणून सोळाव्या वर्षी तिचं लग्न लावलं. गेल्या साली मुकादम घरी आला तेव्हा तो वडिलांशी बोलत होता, पण बघत होता हिच्याकडे. वसतिगृह आहे असं माहितीपत्रकात वाचलं. समाजकार्य म्हणजे नेमकं काय ते आल्यावर शिकेन.

शेवट तिथंच. पान अर्धं कोरं.

“सर, हा बघा जरा.”

पाटोळे सरांनी उभ्या उभ्या वाचला. एकदा पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

“बीडकडची दिसतेय.”

“जिल्हा लिहिलेला नाही.”

“लिहायला कशाला पाहिजे? कोयता म्हटलं की कळतं.” त्यांनी कागद खाली ठेवला. “पण बांधिलकीचे काय देणार? परत जायचंच नाही म्हणतेय ती. आपण माणसं तयार करतो ती तिकडं जावीत म्हणून ना?”

“तिकडं काय चालतं, ते या सगळ्या गठ्ठ्यात एकटीनं लिहिलंय.”

“ते ‘समज’ या रकान्यात द्या. दहापैकी नऊ द्या, मी नाही म्हणत नाही. पण बांधिलकीत मी दोनच देणार. उद्या कुणी माहिती अधिकारात उत्तरपत्रिका मागितली तर काय दाखवायचं?”

पाटोळे सर वाईट माणूस नव्हते. त्यांचे स्वतःचे आईवडील ऊसतोडीला जात, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कदाचित ते पुन्हा म्हणाले, “मी गेलो ना परत. दहा वर्षं काम केलं तिथं.”

“तुमचं लग्न लावलं नव्हतं, सर.”

ते काही बोलले नाहीत. आपल्या रकान्यात दोन लिहिले. मेधाताईंनी आपल्या रकान्यात आठ लिहिले. पाचापेक्षा जास्त फरक पडला की कागद तिसऱ्या परीक्षकाकडे जायचा, तसा तो बाजूच्या पिवळ्या फोल्डरमध्ये गेला. वर फक्त बैठक क्रमांक होता, नाव नाही.

त्यानंतरचे निबंध भराभर संपले. पंधरा, चौदा, पंधरा. सहाच्या सुमाराला ऑफिसचे कांबळे गठ्ठे न्यायला आले.

“कांबळे, दिवाळीत आपलं लेडीज होस्टेल बंद असतं ना?”

“वीस दिवस. मेसही बंद.”

“आणि एखादीला घरी जायचं नसेल तर?”

“रेक्टरना अर्ज करावा लागतो. पालकांची सही लागते त्यावर.”

“पालकांचीच?”

“फॉर्मवर तसं छापलंय, मॅडम.” कांबळ्यांनी गठ्ठ्याला सुतळी आवळली. “का, कोण राहणार आहे?”

“अजून माहीत नाही. तो फॉर्म तेवढा उद्या माझ्या टेबलावर ठेवा. कोरा.”