शीतगृहाची भिंत: कंपोझिट भिंतीतील उष्णतावहनाचे सोडवलेले उदाहरण

उदाहरण. द्राक्षे साठवण्यासाठी बांधलेल्या शीतगृहाची एक भिंत ६ मीटर लांब आणि ४ मीटर उंच आहे. बाहेरून आत येताना थर असे: २० मिमी सिमेंटचा गिलावा, २३० मिमी विटांची (नऊ इंची) भिंत, १०० मिमी थर्माकोल आणि १२ मिमी आतला गिलावा. बाहेर हवा ४०° से., आत ०° से. बाहेरच्या पृष्ठभागावर h = २३ आणि आतल्या पृष्ठभागावर h = ८ वॅट/मी²·के. गिलावा आणि वीट दोन्हींसाठी k = ०.७२, थर्माकोलसाठी k = ०.०३५ वॅट/मी·के. (अ) भिंतीतून आत येणारी उष्णता आणि थरांच्या सांध्यांवरचे तापमान काढा. (ब) थर्माकोल धरून ठेवायला दर ६०० मिमी अंतरावर ५० मिमी रुंदीच्या उभ्या लाकडी पट्ट्या (k = ०.१४) त्याच थरात बसवल्या, तर उष्णता किती वाढेल?

आधी चित्र काढा. भिंतीचा आडवा छेद काढून त्याखाली रोधांची साखळी मांडा. फोरियरच्या नियमाने Q = kA·ΔT/L येते. हेच Q = ΔT/(L/kA) असे लिहिले की ओहमच्या नियमाशी जोड लगेच दिसते: तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज, उष्णता म्हणजे करंट आणि L/kA म्हणजे रोध. पृष्ठभागालगतच्या हवेचा रोध १/hA. स्थिर स्थितीत एका थरातून जितकी उष्णता येते तितकीच पुढच्या थरात जाते, म्हणून हे रोध एकसर जोडणीत आहेत आणि त्यांची थेट बेरीज होते.

मी नेहमी आधी १ मी² क्षेत्रफळासाठी रोध काढतो आणि क्षेत्रफळ शेवटी गुणतो. आकडे हाताळायला सोपे राहतात आणि चूक चटकन दिसते. जाडी मात्र मीटरमध्येच घ्या. उत्तरपत्रिकांमध्ये सर्वाधिक गुण इथे जातात: २३०/०.७२ लिहिले की रोध हजारपट होतो आणि पुढचे सगळे गणित वाया जाते.

(अ) एकसर जोडणी (रोध मी²·के/वॅटमध्ये)

बाहेरची हवा: १/२३ = ०.०४३५
बाहेरचा गिलावा: ०.०२०/०.७२ = ०.०२७८
वीट: ०.२३०/०.७२ = ०.३१९४
थर्माकोल: ०.१००/०.०३५ = २.८५७१
आतला गिलावा: ०.०१२/०.७२ = ०.०१६७
आतली हवा: १/८ = ०.१२५०
एकूण: ३.३८९५

q = ४०/३.३८९५ = ११.८० वॅट/मी²
Q = ११.८० × २४ ≈ २८३ वॅट

पुढे जाण्याआधी या यादीकडे मिनिटभर बघा. एकूण रोधातला ८४ टक्के वाटा एकट्या थर्माकोलचा आहे. नऊ इंची विटेचा रोध जेमतेम ११ मिमी थर्माकोलाइतका भरतो (०.३१९४ × ०.०३५ = ०.०११२ मी). भिंत जाड आहे म्हणून खोली थंड राहील, हा समज इथे सोडावा लागतो. वीट भार घेते, उष्णता थर्माकोल अडवतो.

सांध्यांचे तापमान काढताना ४०° पासून सुरुवात करा आणि प्रत्येक रोधावर q × R इतके अंश वजा करत आत या:

बाहेरचा पृष्ठभाग: ४० − ०.५१ = ३९.४९°
गिलावा–वीट: ३९.४९ − ०.३३ = ३९.१६°
वीट–थर्माकोल: ३९.१६ − ३.७७ = ३५.३९°
थर्माकोल–आतला गिलावा: ३५.३९ − ३३.७२ = १.६७°
आतला पृष्ठभाग: १.६७ − ०.२० = १.४७°
आतली हवा: १.४७ − १.४७ = ०°

शेवटी शून्य आले, म्हणजे बेरीज बरोबर. ही पडताळणी फुकट मिळते, ती सोडू नका.

(ब) पट्ट्या आल्यावर. आता इन्सुलेशनच्या थरात उष्णतेला दोन वाटा आहेत, थर्माकोल आणि लाकूड. वाटा शेजारी-शेजारी आहेत, म्हणून ही समांतर जोडणी. इथे रोधांची बेरीज करायची नाही, त्यांच्या व्यस्तांची करायची, आणि प्रत्येक व्यस्ताला त्या वाटेच्या क्षेत्रफळाच्या हिश्श्याने गुणायचे.

लाकडाचा हिस्सा: ५०/६०० = ०.०८३३, थर्माकोलाचा: ०.९१६७
लाकडाचा रोध: ०.१००/०.१४ = ०.७१४३
१/R = ०.९१६७/२.८५७१ + ०.०८३३/०.७१४३ = ०.३२०८ + ०.११६७ = ०.४३७५
R = २.२८६

एकूण रोध: ३.३८९५ − २.८५७१ + २.२८६ = २.८१८
Q = (४०/२.८१८) × २४ ≈ ३४१ वॅट

पट्ट्यांनी जागा व्यापली फक्त ८.३ टक्के, पण भिंतीतून येणारी उष्णता वाढली २० टक्के. एका भिंतीचे हे ५८ जादा वॅट यंत्रणेला दिवसरात्र ओढत बसावे लागतात.

इथे एक गृहीतक आपण न सांगता वापरले: थर्माकोलाच्या दोन्ही बाजूंना तापमान सगळीकडे सारखे, म्हणजे उष्णता आडवी मोकळेपणाने पसरते. उलट गृहीतक घेता येते, की उष्णता आडवी अजिबात सरकत नाही. मग बाहेरच्या हवेपासून आतल्या हवेपर्यंत दोन पूर्ण वेगळ्या साखळ्या होतात. थर्माकोलाच्या साखळीचा रोध ३.३८९५, लाकडाच्या साखळीचा १.२४६७:

U = ०.९१६७/३.३८९५ + ०.०८३३/१.२४६७ = ०.२७०५ + ०.०६६८ = ०.३३७३
Q = ०.३३७३ × ४० × २४ ≈ ३२४ वॅट

खरे उत्तर ३२४ आणि ३४१ यांच्या मधे पडते. परीक्षेत यापैकी कोणतीही पद्धत चालते, पण कोणते गृहीतक घेतले ते एका ओळीत लिहा. यंत्रणेची क्षमता ठरवताना मी ३४१ धरतो, कारण कमी पडलेली यंत्रणा ऐन एप्रिलमध्ये माल खराब करते.

दुसऱ्या पद्धतीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. लाकडाच्या वाटेवर q = ४०/१.२४६७ = ३२.१ वॅट/मी², म्हणून पट्टीसमोर आतला पृष्ठभाग ३२.१ × ०.१२५ = ४.०° वर असतो, आणि दोन पट्ट्यांमधे १.५° वर. आडव्या वहनाने हा फरक प्रत्यक्षात थोडा बोथट होतो, तरी इन्फ्रारेड कॅमेऱ्यात अशी भिंत दर दोन फुटांवर उभे उबदार पट्टे दाखवते. द्राक्षांचे क्रेट भिंतीला टेकवून न लावता मधे हवेला वाट ठेवतात, त्याचे एक कारण हेही आहे.

जोडप्रश्न. पट्ट्या ठेवूनच उष्णता पुन्हा २८३ वॅटवर आणायची, तर थराची जाडी किती हवी? पहिल्याच गृहीतकाने: १०० मिमी मिश्र थराचा रोध २.२८६, हवा आहे २.८५७. रोध जाडीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून

L = १०० × २.८५७/२.२८६ ≈ १२५ मिमी

म्हणजे थर्माकोल आणि पट्ट्या दोन्ही २५ मिमीने जाड घ्याव्या लागतील.