तिसऱ्या तिमाहीची विक्री आढावा बैठक : विभागवार टार्गेट, तूट आणि सांगितलेली कारणं

सर,

ठिबक विभागाच्या बैठकीचं १ तास ५२ मिनिटांचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकून हा सारांश केला आहे. आकडे ऑक्टोबर ते डिसेंबरचे, लाख रुपयांत. टार्गेट १०८०, विक्री ९२१, तूट १५९. कारणं विभागप्रमुखांनी सांगितली तशीच घेतली आहेत. माझं मत असेल तिथे तसं म्हटलं आहे.

नाशिक : टार्गेट ३१०, विक्री २३२, तूट ७८
सुरुवातीला कारण आलं ते पावसाचं. ऑक्टोबरचा पाऊस लांबला, द्राक्षाच्या छाटण्या मागे गेल्या, बागायतदारांचा पैसा फवारणीत गेला. पण ३८व्या मिनिटाला आपण "ऑर्डर किती हातात होत्या?" असं विचारलंत, तेव्हा वेगळंच निघालं. १६ एमएमची इनलाइन लॅटरल डेपोत १९ दिवस नव्हती आणि ४६ लाखांच्या पक्क्या ऑर्डर त्यात रद्द झाल्या. म्हणजे पावसाच्या नावावर फार तर ३२ लाख जातात. माझ्या मते अहवालात हे दोन आकडे वेगळेच दाखवावेत. एकत्र "अवकाळी" लिहिलं तर डेपोचा प्रश्न पुढच्या हंगामातही तसाच राहील.

मराठवाडा : टार्गेट २००, विक्री १३८, तूट ६२
टक्केवारीत सगळ्यात मोठी तूट इथे, ३१ टक्के. शेतकऱ्यांचं अनुदान खात्यावर आलेलं नाही, त्यामुळे डीलरची उधारी अडकली आहे. विभागप्रमुखांचे शब्द: "मागचं आल्याशिवाय डीलर नवीन माल उचलत नाही." त्यावर अकाउंट्सने सांगितलं की ९० दिवसांवरच्या थकबाकीमुळे ७ डीलरचं बिलिंग आपणच थांबवलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण कोणत्या कारणाने किती विक्री गेली हे बैठकीत कुणी सांगितलं नाही. ती विभागणी मागवून घ्यायला हवी.

विदर्भ : टार्गेट १५०, विक्री १२९, तूट २१
अमरावतीची जागा दोन महिने रिकामी होती. शिवाय आंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागा ताणावर असल्याने शेतकरी पाणी सोडायच्या वेळीच संच घेणार. १४ लाखांच्या ऑर्डर जानेवारीसाठी नोंदल्या आहेत.

खानदेश : टार्गेट १८०, विक्री १७१, तूट ९
स्पर्धक कंपनीने डीलरला दिलेली जादा सूट, एवढंच कारण आलं.

पश्चिम महाराष्ट्र : टार्गेट २४०, विक्री २५१, ११ जास्त
यात एका साखर कारखान्याची ३४ लाखांची एकरकमी ऑर्डर आहे. ती वगळली तर विक्री २१७, म्हणजे २३ लाख कमी. विभागप्रमुखांनी हे कुणी न विचारता स्वतःहून सांगितलं, याची नोंद व्हावी असं मला वाटतं. चौथ्या तिमाहीचं टार्गेट २५१ धरून वाढवू नये, अशी त्यांची विनंती आहे.

नाशिकच्या रद्द ऑर्डरची डीलरवार यादी उद्या दुपारपर्यंत पाठवते.

विक्री समन्वयक, पुणे कार्यालय