छळाची तक्रार मागे घेत असल्याबद्दल

कुपवाड, सांगली
8 सप्टेंबर 2025

प्रति,
अध्यक्षा मॅडम आणि सदस्य,
अंतर्गत तक्रार समिती

नमस्कार मॅडम,

मी 16 जूनला डिस्पॅचच्या सुपरवायझरांविरुद्ध जी लेखी तक्रार दिली होती ती मी स्वतःहून मागे घेतेय. त्यांचं आणि माझं नाव मूळ तक्रारीत आहेच, इथं परत घालत नाही, कारण हे पत्र ऑफिसात चार हातांतनं फिरणार आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणं नावं बाहेर जायला नकोत.

एचआरकडनं मला एक टाईप केलेला फॉरमॅट सहीसाठी आला होता, त्यात "सदर तक्रार गैरसमजातून झाली होती" असं वाक्य होतं. मी त्यावर सही केली नाही आणि करणारही नाही. गैरसमज काही नव्हता. रात्री साडेअकरा-बाराला येणारे मेसेज, "एकटी आहेस का" असली विचारपूस, आणि हळदीच्या पॅकिंग लाईनवर सगळ्यांसमोर माझ्या कपड्यांवरनं बोलणं, हे सगळं झालंय, जसं लिहिलंय तसंच झालंय, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. मागे घेतेय ती फक्त चौकशीची मागणी. म्हणून हे पत्र मीच लिहितेय, हातानं, भाषा थोडी इकडंतिकडं असली तरी चालवून घ्या.

आता कारणं, खरी ती सांगते. ते सुपरवायझर ऑगस्टमध्ये काम सोडून गेले. मला मुळात त्यांची नोकरी घालवायची नव्हतीच, ते मेसेज आणि ते बोलणं थांबायला पाहिजे होतं, ते थांबलंय. दुसरं म्हणजे माझी आई मिरजेत ॲडमिट होती, आता घरी आलीय पण तिला सारखं दाखवायला न्यावं लागतं, घरात दुसरं कोण नाही, आणि सुनावणीची तारीख आली की त्या दिवशी दवाखाना तरी बुडतो नाहीतर शिफ्ट तरी. तिसरं कारण लिहू की नको असं झालं होतं पण लिहिते. लाईनवरची जी मुलगी साक्ष द्यायला तयार होती तिचं लग्न ठरलंय आणि घरचे आता तिला समितीसमोर येऊ द्यायला तयार नाहीत. तिला भरीस घालून आणायचं माझ्या जीवावर येतं. तिच्याशिवाय चौकशी झाली असती, मेसेज आहेतच की, पण उलटतपासणीत तेच तेच परत सांगायची ताकद माझ्यात सध्या नाही.

दबावाचं विचाराल तर, "मिटवता आलं तर बघ, उगंच नाव खराब" असं ऑफिसातल्या एकांनी मला बोलून दाखवलं होतं. ते बोलले हे रेकॉर्डवर असू दे, पण त्यामुळं मी हे करत नाहीय. त्यांनी म्हटलं म्हणून करायचं असतं तर जुलैमध्येच केलं असतं. पैसे घेतलेले नाहीत, कुणी देऊ पण केले नाहीत. कलम 10 मधला समेट पण झालेला नाही, समोरच्यांनी माफी मागितलेली नाही, तेव्हा फाईलवर "तडजोड झाली" असं कृपा करून लिहू नका.

आणि एक गोष्ट सुपरवायझरांच्या बाजूची. कँटीनमध्ये असं पसरलंय की त्यांनी अंगाला हात लावला. तसं झालेलं नाही, माझ्या तक्रारीतही तसं कुठंच नाही. राग माझा आहेच, पण न केलेलं त्यांच्या नावावर नको.

तक्रार मागे घेतली म्हणजे ती खोटी होती असं कुणी धरू नये. कलम 14 मध्ये तर पुरावा देता आला नाही एवढ्यावरनं पण तक्रारदारावर कारवाई होत नाही, इथं तर पुरावा तुमच्याकडंच आहे. माझी विनंती एवढीच की मूळ तक्रार, स्क्रीनशॉटचं पाकीट आणि हे पत्र एकाच फाईलमध्ये राहू दे, आणि वार्षिक अहवालात ही तक्रार "आलेली, तक्रारदाराने मागे घेतलेली" अशीच मोजा, आलीच नव्हती असं होऊ नये. माझी शिफ्ट तुम्ही दिवसाची करून दिली होती ती पण तशीच राहू दे, आईमुळं आता ती जास्तच लागते.

ते परत इथं कामाला आले, किंवा त्यांचे मेसेज परत सुरू झाले, किंवा या तक्रारीवरनं मला कुणी त्रास दिला, तर मी नव्यानं तक्रार देईन, तीन महिन्यांच्या आतच देईन. तुम्हाला स्वतःहून काही विचारायचं वाटलं तर मला बोलवा, दुपारी तीननंतर मी येऊ शकते. बाहेरच्या सदस्य मॅडमनी पहिल्या दिवशी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, त्यांना हे पत्र नक्की दाखवा.

सोबतच्या झेरॉक्सवर तारीख टाकून, सही-शिक्का मारून पोच द्या, मी ती घेऊनच जाईन.

आपली,
तक्रारदार
(पॅकिंग विभाग, दिवसपाळी)

सोबत: 16 जूनच्या तक्रारीच्या पोचेची झेरॉक्स, सही न केलेला एचआरचा फॉरमॅट