डोहाळजेवणाचा बेत: २२ पानं, रविवार दुपार

पहिली पंगत १२:३०. तिला सूनबाई आणि सहा ज्येष्ठ मंडळी बसतील. साखरेची गोळी घेणाऱ्यांचं जेवण लांबता कामा नये, त्यामुळे ओटी लांबली तर उरलेले खेळ जेवणानंतर.

११ वाजता, ओटीआधी
ताजं शहाळं, शिवाय गरम मुगाचं धिरडं, प्रत्येकी अर्धंच. सूनबाईला उपाशीपोटी पाटावर बसवू नये. सातव्या महिन्यात रिकाम्या पोटी मळमळ आणि चक्कर लवकर येते.

ताट
मुगाचं साधं वरण, भात, तूप, लिंबू. डाळ ५०० ग्रॅम, तांदूळ ७०० ग्रॅम. ज्येष्ठांसाठी दोन वाट्या तांदूळ जास्त पाणी घालून वेगळा आसट लावायचा.

तोंडलीचा मसालेभात, तांदूळ १ किलो. तोंडली उभी पातळ चिरून आधी वाफवून घ्यावी, नाहीतर भात होतो आणि तोंडली कचकचीत राहते; कवळी असलेल्यांना ती चावत नाही. हिरवी मिरची नको, गोडा मसाला पुरे. तिखटासाठी ठेचा वेगळा.

ताकातला पालक, ६ जुड्या. हरभरा डाळ आणि शेंगदाणे रात्री भिजवून कुकरला मऊ शिजवायचे. ताकाला बेसन लावून मगच भाजीत ओतायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की ताक फुटतं. मीठ शेवटी आणि बेताचं, कारण दोघांना रक्तदाब आहे.

उकडलेल्या बिटाची दह्यातली कोशिंबीर. दही-मीठ वाढताना घालावं, आधी घातलं तर पाणी सुटतं. मोड आलेली कच्ची कडधान्यं या ताटात कुठेच नकोत. त्यातले जंतू धुऊन जात नाहीत.

कोथिंबीर वडी वाफवून तव्यावर परतलेली, माणशी दोन. तळण एवढंच. जास्त तेलकट खाल्लं की सूनबाईची जळजळ वाढते.

मऊ घडीच्या पोळ्या ५०, कणीक सव्वा किलो. पुऱ्या नाहीत, गार झाल्या की चिवट होतात.

गोड
आंबेमोहोराची खीर: पाश्चराइज्ड दूध ४ लिटर, तुपात परतलेली तांदळाची रवाळ भरड २५० ग्रॅम, वेलची. साखर ४०० ग्रॅम घालण्याआधी मधुमेहींसाठी तीन वाट्या बाजूला काढाव्यात. त्यातही भरड आहेच, म्हणून वाढताना अर्धीच वाटी. काजूचे तुकडे नकोत, पूड घालावी. खीर निवताना आळते, म्हणून अर्धा लिटर गरम दूध हाताशी असू द्यावं.

बर्फी-पेढ्याच्या वाट्यांसाठी मिठाई त्याच दिवशी सकाळी आणायची.

शेवटी
जिरेपूड घातलेलं पातळ ताक. विड्याऐवजी भाजलेली बडीशेप आणि गुलकंद. सुपारी आणि कात नको. चहा ३ नंतर, कारण जेवणावर लगेच चहा घेतला की पालक-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं.

दुसरी पंगत १:१५ ला. दोन्ही भात आणि खीर तोवर गरमच ठेवायची. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.